एकाच घरात दोनदा आलेला ‘रिमिशन’ हा शब्द

*डॉक्टर, 2016 साली आईला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा ती 56 वर्षांची होती. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग पाच वर्षं लेट्रोझोलची गोळी. 2022 मध्ये डॉक्टर म्हणाले, “रिमिशनमध्ये आहेत, रोग कुठे दिसत नाही.” आम्ही पेढे वाटले. 2023 च्या दिवाळीनंतर लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. गोळ्या सुरू केल्या, गाठी लहान झाल्या, आणि आता रिपोर्टवर ‘प्रोग्रेशन’ आलंय. त्यातच यंदा धाकट्या भावाला लिम्फोमा झाला. सहा केमो झाल्या, पेट स्कॅन स्वच्छ आला आणि त्याचे डॉक्टरही तोच शब्द म्हणाले, “रिमिशन.” घरात कुणालाच आनंद झाला नाही. आईच्या वेळी आम्हाला फसवलं का? भावाच्या रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? आणि आईचं आता सगळं संपलं का? दोघांचे रिपोर्ट जोडतोय.*

*– एक मुलगा, सांगली जिल्हा*

फसवलं का, याचं उत्तर आधी देते, कारण तो काटा मनात असताना बाकी काही डोक्यात शिरणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य खरं होतं. 2022 मध्ये आईच्या अंगात रोग कुठे दिसत नव्हता. त्या वाक्याला जोडून आणखी एक वाक्य यायला हवं होतं, ते राहून गेलं: “आईंच्या प्रकारचा कॅन्सर दहा, पंधरा, वीस वर्षांनीही उलटू शकतो.” ते न सांगण्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसते. समोर बसलेलं कुटुंब पाच वर्षांनी पहिल्यांदा हसत असतं आणि त्या हसण्यावर पाणी ओतायला जीभ रेटत नाही. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका बाईंना म्हणाले होते, “पाच वर्षं झाली, आता विसरा.” नवव्या वर्षी त्या कोरडा खोकला घेऊन आल्या, आणि तो साधा खोकला नव्हता. त्या दिवसापासून हे वाक्य मी स्तनाच्या हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या आधाराने वाढणाऱ्या, कॅन्सरच्या एकाही रुग्णाला म्हटलेलं नाही.

आता शब्दाकडे येऊ. रिमिशन म्हणजे आज आमच्याकडे असलेल्या तपासण्यांना रोग दिसत नाही, किंवा बराच कमी दिसतो. पूर्ण दिसेनासा झाला तर त्याला ‘कम्प्लीट’ म्हणतात, कमी झाला तर ‘पार्शल’. म्हणजे हा शब्द तपासणीच्या नजरेबद्दल बोलतो, आणि त्या नजरेला मर्यादा आहे. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण दहा कोटी ते शंभर कोटी पेशी मावतात. चार-पाच मिलिमीटरहून लहान ठिपका पेट स्कॅनला सहसा सापडत नाही. तेवढ्या ठिपक्यातसुद्धा लाखो पेशी असू शकतात, आणि सुट्या, विखुरलेल्या पेशी तर कुठल्याच स्कॅनला दिसत नाहीत. तुमच्याकडे शेती असेल तर हरळीचं उदाहरण पटेल. रान भांगलून स्वच्छ केलं की बांधावर उभं राहून एक काडी दिसत नाही. खाली मुळाचा तुकडा राहिला की नाही हे बांधावरून सांगता येत नाही, ते पावसानंतरच कळतं. ‘रान स्वच्छ दिसतंय’ असं सांगणारा माणूस खरंच बोलत असतो.

मग ‘बरा झाला’ कधी म्हणायचं? अंगातली शेवटची पेशी मेली असं सांगणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन आज नाही. क्युअर ही गोष्ट आम्हाला एका माणसाच्या रिपोर्टमधून कळतच नाही, ती हजारो माणसांकडे मागे वळून पाहिल्यावर कळते. त्याच रोगाचे, तेच उपचार घेतलेले लोक वर्षानुवर्षं पाहत जायचं, कितव्या वर्षी किती जणांचा रोग उलटला ते मांडायचं. काही कॅन्सरमध्ये हा आलेख सुरुवातीला वेगाने उतरतो आणि मग सपाट होतो, म्हणजे त्यानंतर रोग उलटणारे फार थोडे असतात. त्या सपाटीवर पोचलेल्या माणसाला आम्ही बरं झालेलं मानतो. काही कॅन्सरमध्ये ही सपाटी येतच नाही, उतार हळूहळू चालूच राहतो. तुमच्या घरात दुर्दैवाने दोन्ही आहेत. म्हणूनच तोच शब्द आईच्या वाट्याला एक अर्थ घेऊन आला आणि भावाच्या बाबतीत दुसरा.

भावाचं आधी सांगते, कारण तिथे तुम्ही आनंद नाकारताय आणि तो नाकारायचं कारण नाही. त्याचा रिपोर्ट ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ म्हणतो. लिम्फोमा म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि हा त्यातला वेगाने वाढणारा प्रकार आहे. ऐकायला भीती वाटते, पण वेगाने वाढणाऱ्या पेशी केमोला सापडतातही लवकर, कारण केमोचा मारा मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर असतो. त्याला आर-चॉप या नावाचे पाच औषधांचे सहा डोस झाले. या उपचाराने साधारण दहातले सहा रुग्ण कायमचे बरे होतात. हे प्रमाण उपचार सुरू करतानाचं आहे. भाऊ आता त्या दाराच्या पुढे आलाय, कारण शेवटच्या पेट स्कॅनमध्ये ‘कम्प्लीट मेटाबॉलिक रिस्पॉन्स, दोव्हिल स्कोअर 2’ असं लिहिलंय.

हा दोव्हिल स्कोअर काय ते कळलं तर तो कागद तुम्हाला स्वतःला वाचता येईल. 2009 मध्ये फ्रान्समधल्या दोव्हिल गावी तज्ज्ञ जमले आणि पेट स्कॅन वाचायची एक साधी पट्टी त्यांनी ठरवली, एक ते पाच. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं एक द्रव्य शिरेतून देतात आणि ते कुठे जास्त शोषलं जातंय ते पाहतात. जुन्या गाठीच्या जागी काहीच उजेड नाही, तर एक. उजेड आहे पण छातीच्या मध्यभागी मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये जेवढा असतो त्याच्या आत, तर दोन. त्याहून जास्त पण लिव्हरपेक्षा जास्त नाही, तर तीन. लिव्हरपेक्षा जास्त असेल तर चार, आणि फारच जास्त असेल किंवा नवीन जागा पेटली असेल तर पाच. एक ते तीन हे सगळे पूर्ण प्रतिसादात धरतात. तुमच्या भावाच्या पोटातली गाठ स्कॅनच्या चित्रात अजून अडीच सेंटिमीटरची दिसतेय आणि त्यावर तुम्ही पेनाने प्रश्नचिन्ह केलंय. लिम्फोमा मेल्यावर मागे तंतूंचा एक गोळा राहतो, व्रण राहावा तसा. त्यात उजेड नसेल तर त्याच्या आकाराने घाबरू नका. हा स्कॅन शेवटच्या केमोनंतर सात आठवड्यांनी केलाय, तेही योग्य झालं. सहा ते आठ आठवडे न थांबता केला असता तर केमोनंतरची सूजही पेटलेली दिसली असती.

आता त्याच्या डॉक्टरांनी ‘दोन वर्षं बघू’ असं लिहिलंय, त्याचा अर्थ. हा आकडा त्यांनी अंदाजाने काढलेला नाही. या लिम्फोमाच्या रुग्णांचा बारकाईने मागोवा घेतलेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापासून 24 महिने ज्यांचा रोग उलटला नाही, त्यांचं पुढचं आयुर्मान त्यांच्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांइतकं निघालं. म्हणजे आलेखाची सपाटी साधारण दोन वर्षांनी सुरू होते. त्यानंतर एकाचाही रोग उलटत नाही असं नाही, पण ते थोडे असतात. आज भावाला मिळालेला रिमिशन हा शब्द त्या सपाटीच्या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा आहे. दोन वर्षं पार पडली की त्याचे डॉक्टर ‘बरा झालास’ हे शब्द उच्चारतील, आणि ते ऐकून पेढे वाटायला माझी हरकत नसेल.

या दोन वर्षांत दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून घ्यायचा मोह आवरा. हा लिम्फोमा उलटतो तेव्हा बहुतेक वेळा रुग्णालाच आधी कळतं: मानेत किंवा काखेत गाठ लागते, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, वजन उतरतं, ताप जात नाही. आणि आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. क्षयाच्या गाठीसुद्धा पेट स्कॅनमध्ये तितक्याच पेटतात. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेली असताना झोपलेला क्षय उठू शकतो. त्यामुळे पुढे कधी स्कॅनमध्ये काही दिसलं आणि कुणी ‘रिलॅप्स’ म्हणालं, तर गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय तो शब्द स्वीकारू नका. रोग उलटलाय या समजुतीने ज्यांना पुन्हा केमो सुरू होणार होती आणि बायोप्सीत क्षय निघाला, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

आणि समजा, खरंच उलटला, तरी या रोगात तिथे वाट संपत नाही. दुसऱ्या प्रकारची केमो आणि स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण करून काही रुग्ण पूर्ण बरे होतात. रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवून परत देण्याचे कार-टी उपचारही आता आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या अशा एका भारतीय उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्याची गरज तुम्हाला पडू नये. पण ‘उलटला’ हा शब्द प्रत्येक रोगात सारखाच जड नसतो, हे तुम्हाला माहीत असावं.

आता आई. तिचा 2016 चा रिपोर्ट माझ्यासमोर आहे. गाठ 2.8 सेंटिमीटर, काखेतल्या दोन गाठींत रोग पोचलेला, हार्मोन पॉझिटिव्ह, आणि हर-टू, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन, निगेटिव्ह. नेमक्या अशाच बायकांचा हिशोब एका मोठ्या अभ्यासात झालाय, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. बासष्ट हजारांहून जास्त बायका, लेट्रोझोलसारखी हार्मोन रोखणारी गोळी पाच वर्षं घेतलेल्या आणि पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्या. म्हणजे 2022 च्या तुमच्या आईसारख्या. दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग असलेल्यांपैकी पाचव्या ते विसाव्या वर्षाच्या दरम्यान साधारण 26 टक्के बायकांमध्ये रोग शरीरात दूर कुठेतरी उलटला. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि काख स्वच्छ अशा सगळ्यात सौम्य गटातही हा आकडा 13 टक्के होता. यातल्या बऱ्याच बायकांवरचे उपचार जुन्या काळचे होते, त्यामुळे आजचे आकडे थोडे बरे असतील. पण आलेखाचा आकार तोच आहे. पाचव्या वर्षी तिथे काही घडत नाही, उतार तसाच सावकाश चालू राहतो. पाच वर्षांची ही रेघ इतर काही कॅन्सरमधून आपल्या बोलण्यात आली आणि सगळ्यांना लागू पडते असं आपण धरून बसलो.

असं का होतं, त्याचं कारण या पेशींच्या स्वभावात आहे. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी रक्तातून निघून हाडाच्या मगजात किंवा इतरत्र जाऊन बसलेल्या असतात. तिथे त्या विभागत नाहीत, नुसत्या पडून राहतात. विभागणाऱ्या पेशींना मारणारी केमो त्यांच्यावरून निघून जाते. हार्मोनची गोळी त्यांना दाबून ठेवते, मात्र सगळ्यांना मारतेच असं नाही. मग कधीतरी, काही वर्षांनी, त्यातली एखादी जागी होते. ती का जागी होते हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. रिकरन्स म्हणजे पुनरावृत्ती, पण आईला 2023 मध्ये नवा रोग झाला नव्हता. 2016 चाच रोग, तेव्हापासून न दिसता तिथे असलेला, दिसू लागला. लिव्हरच्या बायोप्सीतही तोच हार्मोन पॉझिटिव्ह प्रकार निघालाय. त्यामुळे त्या वर्षी तिने केलेले उपास, लग्नाची धावपळ, मधल्या काळात बंद झालेला काढा, यातलं काहीही याचं कारण नाही. तुम्ही पत्राच्या शेवटी पेन्सिलीने ‘आम्ही कुठे कमी पडलो’ असं लिहून खोडलंय, ते मला वाचता आलं. कमी कुणीच पडलं नाही.

रिकरन्स या शब्दाला एक प्रश्न नेहमी जोडून विचारावा: कुठे? त्याच स्तनात किंवा ऑपरेशनच्या जागी रोग परतला असेल आणि इतर कुठे नसेल, तर पुन्हा ऑपरेशन करून पूर्ण बरं करण्याच्या उद्देशाने उपचार होतात. लिव्हर, फुप्फुस, हाड अशा दूरच्या जागी परतला, तर तो मुळापासून काढता येईल असं आम्ही आज सहसा म्हणू शकत नाही. तिथे उद्देश बदलतो. रोग शक्य तितकी वर्षं आटोक्यात ठेवायचा आणि त्या वर्षांत माणूस घरात, स्वयंपाकघरात, शेतावर, नातवंडांत असावा, हे पाहायचं. 2023 च्या डिसेंबरमध्ये ही बदललेली बाजू तुम्हाला स्पष्ट सांगितली गेली नाही असं पत्रावरून दिसतं. नातेवाईक बऱ्याचदा दारातच डॉक्टरांना डोळ्याने खुणावतात, ‘आईसमोर नको.’ तुमच्याकडे तसं झालं का मला माहीत नाही. झालं असेल, तर पुढच्या भेटीआधी आईलाच विचारा, तिला किती ऐकायचंय. मी पाहिलंय, बहुतेक आयांना अंदाज असतोच, त्या मुलांसाठी गप्प असतात.

उरला शेवटचा शब्द, ज्याने तुमची झोप उडवली. प्रोग्रेशन. मराठीत आपण याचं ‘रोग वाढला’ असं भाषांतर करतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं हाताबाहेर गेलं. स्कॅनच्या भाषेत हा मोजमापाचा शब्द आहे, आणि मोजायची पद्धत ठरलेली आहे. आईचे आकडे घेऊनच सांगते.

जानेवारी 2024 मध्ये, उपचार सुरू करताना, मोजण्याजोग्या दोन गाठी होत्या, 32 आणि 28 मिलिमीटर. बेरीज 60. लेट्रोझोल आणि रायबोसिक्लिब सुरू केल्यावर एप्रिलमध्ये बेरीज 40 झाली. साठाचे चाळीस, म्हणजे 33 टक्के घट. किमान 30 टक्के घट झाली की ‘पार्शल रिस्पॉन्स’ म्हणतात, म्हणून त्या रिपोर्टवर तसं लिहिलंय. वर्षअखेरीस बेरीज 30 पर्यंत आली, तो तिचा सगळ्यात लहान आकडा. 2025 च्या मध्यात ती 34 झाली आणि रिपोर्टवर ‘स्टेबल’ आलं. त्यावर तुमच्या बहिणीने ‘चार मिलिमीटर वाढूनही स्टेबल कसं?’ असं विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. प्रश्न रास्त आहे. त्याच गाठीचं माप दोन रेडिओलॉजिस्टनी घेतलं तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, श्वास कमी-जास्त धरला तरी पडतो. म्हणून नियम असा की सगळ्यात लहान बेरजेच्या तुलनेत किमान 20 टक्के वाढ हवी आणि ती वाढ किमान 5 मिलिमीटर हवी, तेव्हाच प्रोग्रेशन म्हणायचं. नाहीतर एखादी नवी गाठ दिसायला हवी. तीसचे चौतीस म्हणजे 13 टक्के, म्हणून स्टेबल. गेल्या महिन्यात बेरीज 37 झाली. तीसवरून सात मिलिमीटर, 23 टक्के. रेघ ओलांडली आणि शब्द बदलला.

आता त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहा. उपचार सुरू झाले तेव्हा आईच्या लिव्हरमध्ये 60 मिलिमीटरचा रोग होता. आज, ‘प्रोग्रेशन’च्या दिवशी, 37 आहे. बावीस महिन्यांपूर्वीपेक्षा आजही बराच कमी. तुलना सुरुवातीशी न करता सर्वात लहान आकड्याशी करतात, कारण त्यांना एकच गोष्ट वेळेत पकडायची असते: हे औषध आता चालेनासं होतंय का. प्रोग्रेशन हा शब्द त्या औषधाबद्दल सांगतो. त्याने बावीस महिने काम केलं आणि आता काही पेशींनी त्याला चुकवायचा मार्ग शोधलाय, एवढंच तो सांगतो. पुढे किती दिवस उरलेत हे या एका शब्दातून निघत नाही.

बावीस महिने हा काळ कमी की जास्त, हे तुम्ही विचारणारच. याच दोन गोळ्यांच्या मोठ्या चाचणीत निम्म्या बायकांचा रोग साधारण 25 महिन्यांपर्यंत आटोक्यात राहिला. निम्म्या, म्हणजे उरलेल्या निम्म्यांचा त्याआधी वाढला आणि काहींचा कितीतरी वर्षं वाढला नाही. आई मधल्या भागात बसली. त्याच चाचणीत बायका जगल्या त्याचा मधला आकडा साधारण 64 महिने होता, म्हणजे प्रोग्रेशन झाल्यावरही त्यातल्या बऱ्याच जणी पुढच्या औषधांवर वर्षांनी मोजावा एवढा काळ होत्या. आईला हा आकडा जसाच्या तसा लावू नका. तिची लिव्हरची कार्यक्षमता, रोगाचा वेग, पुढचं औषध लागू पडतं का, यावर बरंच अवलंबून आहे. तिचं बिलिरुबिन आणि एन्झाइम रिपोर्टमध्ये ठीक आहेत, ती घरात सगळं करते असं तुम्ही लिहिलंय. या दोन गोष्टी मला 37 या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

एक धोका मात्र सांगून ठेवते, कारण पुढेमागे तो तुमच्या वाट्याला येऊ शकतो. कधी स्कॅनवर प्रोग्रेशनसारखं दिसतं आणि ते नसतं. हाडांत रोग असेल आणि औषध लागू पडत असेल, तर भरून येणारं हाड पहिल्या काही महिन्यांत बोन स्कॅनवर जास्त काळं दिसतं, नव्या जागा पेटल्यासारख्या वाटतात. सीए 15-3 नावाचा रक्तातला मार्करही उपचाराच्या सुरुवातीला काही काळ वर जाऊ शकतो. त्यावर घाईने औषध बदललं तर चालणारं औषध हातचं जातं. आईच्या बाबतीत तसं वाटत नाही, तिच्या मोजल्या जाणाऱ्या गाठी दोन स्कॅनमध्ये सलग वाढल्या आहेत. पण नवं औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतला मार्करचा आकडा पाहून घरात कुणी रडायला बसू नये.

आता पुढच्या भेटीचं. आईच्या डॉक्टरांना दोन गोष्टी नीट विचारा. पहिली, लिव्हरच्या गाठीची पुन्हा बायोप्सी करायची का. कधीकधी रोग परतताना आपला प्रकार बदलतो, हार्मोनला प्रतिसाद देणं सोडतो किंवा हर-टू बदलतो, आणि मग औषधच वेगळं लागतं. दुसरी, जनुकांची तपासणी, पीआयके3सीए आणि ईएसआर1 या दोन बदलांसाठी. ईएसआर1 चा बदल रक्तातून पाहता येतो. तो निघाला तर लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या आता लागू पडत नाहीत हे कळतं आणि हार्मोनचीच दुसरी औषधं निवडता येतात. पीआयके3सीएचा बदल निघाला तर त्यावरही गोळ्या आहेत, फक्त त्यांनी साखर वाढते आणि आईला मधुमेह आहे, तेव्हा ते आठवणीने सांगा. दोन्हीही नसले तर केमो उरतेच, तीसुद्धा गोळीच्या रूपात. खर्चाचं उघड बोला, कारण तपासणी केली आणि त्यावरचं औषध परवडणारंच नसेल, तर ती तपासणी कशासाठी करायची हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला हवं.

आणि त्या दिवशी एक वाक्य सरळ विचारा: “या उपचाराचा उद्देश काय आहे, रोग घालवणं की आटोक्यात ठेवणं?” भावाच्या डॉक्टरांनाही हेच विचारा. दोन उत्तरं वेगळी येतील. आईच्या वेळी राहून गेलेलं अर्धं वाक्य त्या उत्तरात मिळेल.

जाताना आईचे 2023 पासूनचे सगळे स्कॅन तारखेनुसार लावून न्या, कागद आणि सीडी दोन्ही. पुढचा स्कॅन जमलं तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा आणि फॉर्मवर ‘वर्ष 2024 अखेरच्या स्कॅनशी तुलना करावी’ असं लिहायला सांगा. नव्या सेंटरला जुनी सीडी मिळाली नाही, की ते फक्त मागच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. आईच्या 30 आणि 37 मधला सात मिलिमीटरचा फरक अशा घाईत सहज इकडचा तिकडे होतो.